शिक्षेचा प्रबंध

मला हिंदी येतं ही अफवा मीच पसरवली होती. हिंदीच्या तीन परीक्षा मी पास झालो होतो आणि तिन्ही प्रमाणपत्रं चौकटीत बसवून साताऱ्याच्या आमच्या खोलीत टांगली होती. कचेरीत कुणी पाणी मागितलं तर मी "लीजिए" म्हणत असे. माझं वय तेव्हा तेवीस. स्वातंत्र्य येऊन थोडाच काळ झाला होता, संस्थानं एकामागून एक विलीन होत होती, आणि उद्या सगळा कारभार हिंदीत होणार असं जो तो एकमेकाला सांगत होता. तसं झालं तर माझी गाडी फार पुढे जाणार, हे मी गृहीत धरलं होतं.

अशात एके दिवशी टपालात एक जाड लखोटा आला. उत्तरेतल्या एका जुन्या संस्थानाच्या फौजेत आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला जात. ते संस्थान आता नव्या राज्यात सामील झालं होतं, आणि त्या राज्याच्या सरकारनं आपल्या जुन्या शिपायांच्या मुलांसाठी काही सवलत काढली होती. त्याची अधिसूचना होती ती, तीन पानांची, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत हिंदी. वर आमच्या साहेबांनी इंग्रजीत शेरा मारला होता. त्याचा अर्थ असा, की याचं मराठी भाषांतर करावं, इकडच्या कारभारात जे शब्द चालतात त्यांच्याशी त्याचा मेळ घालावा, आणि गावोगाव चावडीवर लावून दवंडी पिटवावी.

कचेरीचा सगळा पत्रव्यवहार चिटणिसांच्या हातून जाई. चिटणीस म्हणजे काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कानावर टाक. त्यांनी लखोटा दोन बोटांत धरून आख्ख्या खोलीला विचारलं, "हे कुणाला वाचता येतंय?"

मी उभाच राहिलो.

"चार दिवस घ्या," ते म्हणाले.

"आज संध्याकाळी देतो," मी म्हणालो.

आणि खरंच दिलं. त्यात अवघड असं मला काही दिसलंच नाही. निम्मे शब्द संस्कृत, म्हणजे ते मराठीच. 'के'च्या जागी 'च्या' घातलं, 'किया जाएगा'च्या जागी 'करण्यात येईल' घातलं, की वाक्य आपोआप मराठी होत होतं. साहेबांच्या शेऱ्यातला मेळ घालण्याचा भाग मी वाचला होता. पण 'तहसीलदार', 'पटवारी', 'आवेदन' हे शब्द इतके भारदस्त दिसत होते, की त्यांच्या जागी आपले रोजचे शब्द घालायला माझा हात धजेना. दुपारभर हिंदीत डोकं बुडवून बसल्यावर संध्याकाळी मला मराठीसुद्धा हिंदीसारखंच दिसायला लागलं होतं. हे मात्र मला तेव्हा कळलं नाही.

चिटणिसांनी मसुदा पाहिला. पाहिला म्हणजे जावक क्रमांक, तारीख आणि कडेचा समास पाहिला. मग दोन ओळी मोठ्यानं वाचून म्हणाले, "वजनदार आहे." सायक्लोस्टाईलवर प्रती निघाल्या, तालुक्यांच्या कचेऱ्यांना गेल्या, तिथून गावांना गेल्या. त्या रात्री मी स्वस्थ झोपलो.

आठ-दहा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या टेबलापुढे एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. पांढऱ्या गलमिशा, डोक्याला लाल फेटा, पाठ दांडक्यासारखी सरळ. कडेगावकडच्या एका गावचे ते सुभेदार, त्याच संस्थानाच्या फौजेत तीस वर्षं काढून परत आलेले. त्यांच्यामागे एक म्हातारी बाई होती, कपाळ मोकळं, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. ही त्यांची थोरली बहीण. सुभेदार त्यांना आक्का म्हणत होते.

सुभेदारांनी काखेतून एक कागद काढून टेबलावर पसरला. माझाच जाहीरनामा. चावडीच्या भिंतीवरून सोलून आणलेला, मागे खळ आणि चुन्याचे पोपडे तसेच.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "आमचं काय चुकलं तेवढं सांगा."

"चुकलं? नाही बुवा."

"न्हाई कसं? ह्यो बघा तुमचा कागूद. 'मृत सैनिकांच्या संतानांच्या शिक्षेचा प्रबंध राज्याच्या वतीने करण्यात येईल.'" त्यांनी बोट ओळीवरून फिरवलं. "आक्काचा ल्योक तकडं फौजंत व्हता. नोकरीतच वारला. माणूस मेला, आन आता त्याच्या पोरांस्नी सरकार शिक्षा करनार? का म्हनून?"

खोलीतली टाकांची कुरकुर थांबली. शेजारच्या टेबलावरचे कारकून खाली मान घालून खोकू लागले.

मी कागदाकडे पाहिलं. ते वाक्य माझ्या अक्षरात होतं. आठ दिवसांपूर्वी त्याचा अर्थ शिक्षण असा होता, मी शपथेवर सांगतो.

"आन ह्ये," सुभेदार पुढे गेले. "'स्थानिक अधिकारी अर्जदारांची साहाय्यार्थ शक्य तितकी चेष्टा करतील.' आता चेष्टा तुमी करताच, त्याचं काय न्हाई. पर ती लिवून कशापायी द्यायची?"

आता खोकल्याचं सोंगही कुणी करेना. एकजण उठून व्हरांड्यात गेला आणि तिथून त्याचं हसणं ऐकू आलं.

"गावात काय झालंय ठाऊक हाय?" सुभेदार म्हणाले. "'ज्यांना आपत्ती असेल त्यांनी ती तहसीलदारांसमक्ष सादर करावी.' एकाची म्हस आटलीया, एकाचं छप्पर उडालंय, एकाची सून नांदत न्हाई. समदी विट्याच्या कचेरीत आपत्ती सादर कराया निघाल्यात. आन तिथला शिपाई म्हनतोय, हितं तहसीलदार कुनी न्हाईच, हितं मामलेदार असतोय."

मी ड्रॉवरमधून मूळ हिंदी अधिसूचना काढली आणि त्यांच्या हातात दिली. सुभेदारांनी चाळिशी लावली. तीस वर्षं त्यांनी हीच भाषा ऐकली होती. ते ओठ हलवत वाचू लागले: "मृत सैनिकों की संतान की शिक्षा का प्रबंध राज्य की ओर से किया जाएगा." पुन्हा वाचलं. मग त्यांच्या गलमिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं संतापले. पण ते मटकन बाकावर बसले आणि इतके हसले, की फेटा डोळ्यांवर आला.

"आक्का, आगं साळा! साळंत घालनार हैत पोरांस्नी! तकडं शिक्षा म्हंजी साळा!"

आक्का हसल्या नाहीत. "मंग तसं लिवाया काय धाड भरली हुती?" त्या मला म्हणाल्या. "पोरीला चार दिस दुसऱ्या गावी नेऊन लपीवली म्या. खुळ्यावानी."

त्यांच्या मुलाची एकच मुलगी मागे राहिली होती, नऊ-दहा वर्षांची. आईही गेलेली. तिला आक्काच वाढवत होत्या.

एवढ्यात चिटणीस आत आले. सुभेदारांनी उठून सलाम ठोकला आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढे धरले. चिटणिसांनी आधी हिंदी वाचलं, सुभेदारांकडून त्याचा अर्थ ऐकला, मग माझं मराठी वाचलं. या खेपेला क्रमांक आणि समास सोडून बाकीचं वाचलं. त्यांची सही त्या कागदावर माझ्या नावाच्या वर होती.

"सगळ्या प्रती परत मागवा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "आणि तुम्ही उद्याच्या गाडीनं सांगलीला जा."

जाताना आक्का टेबलाशी थांबल्या. "लेकरा, एक सांग. त्या कागदात संतान का काय म्हनलंय, त्यात पोरगी बसती का? तलाठी म्हनला, संतान म्हंजी पोरगा."

"बघतो," मी म्हणालो. त्या दिवशी याहून जास्त काही बोलण्याची माझी छाती नव्हती.

सांगलीला चिटणिसांच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ राहत. सांगली संस्थानाच्या दरबारात ते दप्तरदार होते. संस्थान विलीन झालं आणि तेही घरी बसले. आमच्याकडे साहेबापुढचा सगळा व्यवहार इंग्रजीत. संस्थानात मात्र हुकूम, जाहीरनामे, निवाडे, सगळं मराठीत चाले. त्यामुळे कोणत्या गोष्टीला मराठीत कारभारी शब्द काय, हे त्यांच्या बोटांवर होतं. मी मिरजेला गाडी बदलली आणि दुपारी त्यांच्या दारात पोचलो.

त्यांनी माझं भाषांतर वाचायला मागितलं. वाचून चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"जेवलात का?"

"नाही."

"मग आधी जेवा. उपाशीपोटी बोलणी खाववत नाहीत."

जेवण झाल्यावर त्यांनी लाल कापडात बांधलेली एक वही काढली. संस्थानात वापरलेले शब्द त्यांनी तीत विषयवार लिहून ठेवले होते, प्रत्येकापुढे तो कोणत्या हुकुमात आला त्याची खूण. पण ती वही त्यांनी लगेच उघडली नाही. त्यांनी मला मूळ हिंदी वाक्य वाचायला सांगितलं आणि विचारलं, "हे ऐकून गावच्या पाटलानं काय करायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा हुकूम आहे. हुकुमानं कोणीतरी उठून काहीतरी करायचं असतं. कोणी, काय, कुठे, कधीपर्यंत. ते मला सांगा. शब्द मग बघू."

अशी आम्ही तीन पानं घेतली. 'अधिसूचना' म्हटल्यावर लोकांनी काय ऐकायचं? जाहीरनामा. 'आवेदन-पत्र' म्हणजे अर्ज. 'आपत्ति' म्हणजे हरकत. एखाद्याच्या अर्जाला दुसऱ्या कुणाची हरकत असली तर ती महिन्याच्या आत कळवायची, एवढंच ते होतं. म्हशीचा तिथे काही संबंध नव्हता. 'पटवारी' तो आपला तलाठी, 'तहसीलदार' तो मामलेदार, 'उत्तराधिकारी' तो वारस, 'प्रमाणित प्रतिलिपि' ती खरी नक्कल. 'चेष्टा करेंगे' म्हणजे खटपट करतील. "तीही करणार नाहीत," दप्तरदार म्हणाले, "पण मुळात आहे, तेव्हा लिहा."

'अवकाश प्राप्त सैनिक' याचं मी 'अवकाश मिळालेले सैनिक' केलं होतं. दप्तरदारांनी वर आढ्याकडे पाहिलं. "अवकाश मिळालेला सैनिक मी एकच बघतोय, तो माझ्यापुढे बसलाय. अहो, पेन्शनीत निघालेले!"

मग आलं 'आवेदक के हस्ताक्षर'. मी तसंच ठेवलं होतं, 'अर्जदाराचे हस्ताक्षर'.

"म्हणजे काय करायचं त्यानं?"

"सही."

"मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षर. ज्याला लिहिता येत नाही तो समजेल, सबंध अर्ज आपल्या हातानं लिहायला पाहिजे. तो अर्जच करणार नाही. तुमच्या एका शब्दापायी किती घरं बसून राहतील, मोजा." त्यांनी लिहिलं: 'अर्जदाराची सही अगर अंगठ्याची निशाणी'.

इथपर्यंत मला हसू येत होतं, स्वतःचंच. या शब्दाला ते आलं नाही. मला चावडीपुढे उभ्या आक्का दिसल्या.

दप्तरदार वेगानं लिहू लागले होते. 'संतान'पाशी आले आणि न थांबता त्यांनी लिहिलं, 'मुलगे'.

"मुळात संतान आहे," मी म्हणालो.

"तेच ते. दरबारात अशा जाहीरनाम्यांत मुलगेच लिहीत. वहीत बघा."

वहीत होतं. तीन हुकुमांच्या खुणांसकट. माझी आधीच इतकी शोभा झालेली, की गप्प बसणं शहाणपणाचं होतं. तरी मी पानं चाळली. अधिसूचनेच्या शेवटी अर्जाचा नमुना जोडलेला होता. पहिल्यांदा भाषांतर करताना मी तो नीट पाहिलाही नव्हता. रिकाम्या जागांचं काय भाषांतर करायचं, असं वाटून नुसता उतरवून काढला होता. त्यात तिसरी ओळ होती: 'सैनिक के पुत्र/पुत्री का नाम'.

मी ती ओळ त्यांच्यापुढे धरली. दप्तरदारांनी कागद उजेडाकडे नेला, तिरका करून पाहिला, बोटानं ती तिरकी रेघ चाचपली, जणू ती मीच आताच ओढली असावी.

"पुत्री आहे," ते म्हणाले.

"आहे."

"मुळात आहे ती काढणारे आपण कोण?" त्यांनी 'मुलगे' खोडलं आणि 'मुलगा अगर मुलगी' लिहिलं. मग वही ओढून त्या शब्दापुढेही बारीक अक्षरात काहीतरी टिपलं. चाळीस वर्षांच्या वहीत त्यांनी माझ्यादेखत दुरुस्ती केली. मला त्या तिन्ही प्रमाणपत्रांपेक्षा तिची किंमत जास्त वाटली.

संध्याकाळी पक्का मसुदा तयार झाला. त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचायला घेतला. "सदरहू इसमांचे वारसांनी आपले अर्ज मजकूर मुदतीचे आंत..."

आतून त्यांच्या पत्नी कॉफी घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. "कोण गेलं हो?"

"कोणी नाही. का?"

"इसम म्हणालात ना? इसम पंचनाम्यात असतो. विहिरीत सापडतो तो."

दप्तरदारांनी 'इसमांचे' खोडून 'शिपायांचे' लिहिलं. 'मजकूर'ही गेला. 'सदरहू' मात्र त्यांनी सोडला नाही. "एक तरी असू दे," ते म्हणाले. "नाहीतर सरकारनं लिहिलंय असं कुणाला वाटायचं नाही."

साताऱ्यात चिटणिसांनी नवा मसुदा तीनदा वाचला. त्यांना तो पटला, पण जरा हलका वाटला. मुंबईचे कागद हल्ली संस्कृत शब्दांनी भरून येत होते. आपण मागे पडलो असं दिसू नये, म्हणून 'अधिसूचना' हा शब्द तरी ठेवावा असं त्यांचं म्हणणं. शेवटी मथळ्यात मोठ्या अक्षरात 'जाहीरनामा' आणि त्याखाली कंसात 'अधिसूचना' अशी तडजोड झाली. पहिल्या कलमाच्या वर एक ओळ घातली: 'याच विषयावरील पूर्वीचा जाहीरनामा रद्द समजावा.' ती माझ्याकडूनच लिहून घेतली.

"आणि त्या गावात तुम्ही स्वतः जाऊन वाचा. हीच तुमची शिक्षा," चिटणीस म्हणाले. ते काही हिंदी बोलत नव्हते, पण शिक्षा या शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ मला बरोबर कळला.

कराडपर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी करून मी पोचलो, तेव्हा दवंडी होऊन चावडीपुढे शंभरेक माणसं जमली होती. उसाच्या पाण्याची पाळी सोडून लोक आले होते. मला बघायलाच आले असावेत. मी वाचायला लागलो. 'शिक्षणाची व्यवस्था' म्हटलं तेव्हा मागून एकानं विचारलं, "म्हंजी आता शिक्षा न्हाई न्हवं?"

"नाही. शिक्षण. शाळा."

"येकच की गड्या," दुसरा म्हणाला. "दोन्हीत मारच खायाचा."

पाच मिनिटं मला पुढे वाचता आलं नाही. हसण्यात मीही होतो. मग 'मुलगा अगर मुलगी' आलं. ते मी जरा थांबून, दोनदा वाचलं. तलाठ्यानं कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः खात्री करून घेतली.

"अगर म्हंजी?" आक्कांनी बायकांच्या घोळक्यातून विचारलं.

"किंवा. मुलगी असली तरी चालेल."

"मंग लिव," त्या म्हणाल्या आणि तिथेच पुढे येऊन बसल्या. अर्ज मी चावडीच्या पायरीवर बसून लिहिला. सुभेदार भाच्याच्या नोकरीची तपशीलवार माहिती सांगत होते, पलटण, हुद्दा, वारल्याचं ठिकाण. आक्का एकेका गोष्टीला मान हलवत होत्या. वारल्याच्या ठिकाणाला त्यांनी मान हलवली नाही. मी शाईची डबी पुढे केली. त्यांनी अंगठा टेकवला आणि तो पुसायला पदर पुढे केला, पण मग पुसलाच नाही.

त्या गावातून पाच अर्ज गेले. एकाही अर्जावर हरकत आली नाही. आपत्त्या तेवढ्या चार-पाच महिने विट्याला येतच राहिल्या, असं ऐकलं.

उत्तर आलं ते उन्हाळ्यात, आणि अर्थात हिंदीत. चिटणिसांनी ते माझ्याकडे दिलं आणि मी भाषांतर करेपर्यंत माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पाचांपैकी तिघांना जागा मिळाली होती. त्यांत आक्कांची नात होती, तिकडे उत्तरेत, मुलींच्या वसतिगृहात.

ती जायची त्या दिवशी मी मुद्दाम कराड स्टेशनावर गेलो. सुभेदार तिला पोचवायला स्वतः निघाले होते, फौजेतला जुना कोट घालून. मुलगी नव्या परकरात, हातात पत्र्याची ट्रंक, डोळे मोठे केलेले. ती रडत नव्हती. आक्का तिची वेणी सारखी सोडत होत्या आणि परत घालत होत्या.

"तिथं पोरीला भाकरी मिळंल का रं?" त्यांनी मला विचारलं. "कागदात काय लिवलंय?"

कागदात 'भोजन की व्यवस्था' असं लिहिलं होतं. मी म्हणालो, "जेवणाची सोय आहे, आक्का."

"जेवान न्हवं. भाकरी."

मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला. "तकडं रोटी म्हनत्यात, आक्का. गव्हाची. पातळ असती."

"पातळ?" आक्कांनी वेणीची शेवटची गाठ मारली. मग काखेतल्या पिशवीतून फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या पिठाचं गाठोडं काढून त्यांनी भावाच्या हातात दिलं. "बोर्डिंगवाल्यांस्नी सांग, ह्याची थापायची. त्यास्नी कळंल आसं सांग."

गाडी हलली तेव्हा सुभेदार खिडकीत पिठाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते आणि ओठ हलवत होते. भाकरी थापण्याला हिंदीत काय म्हणतात, ते शोधत असावेत. मलाही ते येत नव्हतं.